साडेदहा ते अकरा: दर अर्ध्या तासाला किती एजंट लागतील, हे अर्लांगने कसं काढायचं

कॉल सेंटरच्या नियोजनात नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न पडतो. दिवसाला बाराशे कॉल येतात, एक एजंट दिवसाला साधारण सत्तर कॉल घेतो, मग सतरा-अठरा जण पुरे व्हायला हवेत. तरी सकाळी लोक पाच-पाच मिनिटं होल्डवर असतात आणि दुपारी तीन वाजता निम्मे एजंट रिकामे बसलेले दिसतात, असं का? कारण कॉल दिवसाच्या हिशेबाने येत नाहीत. म्हणून हिशेब अर्ध्या तासाचा करायचा, आणि त्यातही फक्त सरासरी पुरत नाही.

इथे आपण एकच अर्धा तास घेऊ आणि तो शेवटपर्यंत सोडवू. पुण्यातल्या खराडीत बसणारी, इन्व्हर्टर आणि बॅटरीच्या तक्रारी घेणारी एक हेल्पलाइन धरा. वेळ सकाळी आठ ते रात्री आठ, म्हणजे दिवसाचे २४ अर्धे तास. शनिवार-रविवारच्या तक्रारी साचून येतात, त्यामुळे सोमवार सगळ्यात जड. आपल्याला येत्या सोमवारचा १०:३० ते ११:०० हा अर्धा तास भरायचा आहे. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण गणित खरं आहे. तुमच्या शीटमध्ये तेच आकडे टाकलेत तर हीच उत्तरं यायला हवीत.

पहिली पायरी: कोणते कॉल मोजायचे

एसीडी म्हणजे आलेले कॉल एजंटांकडे वाटणारी यंत्रणा. तिच्या रिपोर्टमध्ये कॉलचे दोन रकाने असतात: रांगेत आलेले आणि एजंटने उचललेले. अंदाजासाठी नेहमी आलेले कॉल घ्या. उचललेले घेतलेत तर ज्या दिवशी माणसं कमी होती त्या दिवशी कॉलही कमी होते असं शीटला वाटतं. मग पुढच्या आठवड्यालाही कमी माणसं निघतात. असे दोन-तीन महिने गेले की सेवा का ढासळली हे कोणालाच सांगता येत नाही, कारण कागदावर सगळं बरोबर दिसत असतं.

मात्र आलेल्या कॉलमध्येही एक फुगवटा असतो. कंटाळून फोन ठेवलेला माणूस दोन मिनिटांनी पुन्हा लावतो, आणि रिपोर्टमध्ये ते दोन कॉल दिसतात. गरज मात्र एकाच कॉलची होती. हा फुगवटा ओळखायला त्या अर्ध्या तासातले नंबर काढा आणि तोच नंबर तासाभरात किती वेळा आला ते पाहा. सोडलेल्या कॉलनंतर आलेला पुन्हाचा कॉल एकच धरायचा. एजंटशी बोलणं होऊनही परत आलेला कॉल मात्र मोजायचा, कारण त्यात पुन्हा एकदा एजंटचा वेळ गेलेला असतो. आयव्हीआरमध्येच, म्हणजे 'एक दाबा, दोन दाबा' सांगणाऱ्या रेकॉर्डेड मेन्यूतच, संपलेले कॉल सोडून द्या, ते रांगेपर्यंत पोचलेच नव्हते.

दुसरी पायरी: दिवसाचा अंदाज आणि त्यातला वाटा

थेट अर्ध्या तासाचा अंदाज काढायला जाऊ नका. त्या छोट्या आकड्यात योगायोगाची चढउतार फार असते. आधी पूर्ण दिवसाचा अंदाज काढा आणि मग त्यातला अर्ध्या तासाचा वाटा घ्या.

मागच्या सहा सोमवारांचे एकूण कॉल असे आहेत: १२३०, ११६५, ११८०, १६९०, १२१५, १२०५. चौथा आकडा लगेच खटकतो. त्या रविवारी संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला आणि शहराच्या बऱ्याच भागांत रात्रभर वीज गेली होती, म्हणून सोमवारी इन्व्हर्टरचे कॉल उसळले. हा सोमवार सरासरीत ठेवला तर उत्तर १२८१ येतं. वगळला तर पाच सोमवारांची सरासरी ११९९, म्हणजे १२००. येता सोमवार साधा असणार आहे, तेव्हा १२०० धरायचे. वगळलेला सोमवार फेकून मात्र देऊ नका. शेजारी कारण लिहून तो वेगळ्या यादीत ठेवा. पुढच्या वेळी हवामानखात्याने वादळी पावसाचा इशारा दिला की त्याच यादीतून वाढीचा अंदाज मिळतो.

पाचही आकडे वर-खाली आहेत, सतत वाढत नाहीत, म्हणून इथे साधी सरासरी चालते. दर आठवड्याला वाढच होत असेल, समजा नवीन मॉडेल बाजारात आलं आहे, तर सरासरी नेहमी मागे पडते. तेव्हा शेवटच्या आकड्यावर आठवड्याची वाढ चढवावी लागते.

आता वाटा. त्याच पाच सोमवारी १०:३० ते ११:०० मध्ये अनुक्रमे ९४, ८६, ८८, ९२ आणि ९० कॉल आले. त्यांची बेरीज ४५०, आणि पाच दिवसांची बेरीज ५९९५. भागाकार ७.५ टक्के. १२०० चे ७.५ टक्के म्हणजे ९० कॉल.

वाटा नेहमी त्याच वाराचा घ्यायचा. पुण्यात हे विशेष जपायला हवं, कारण दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवतात आणि त्या दिवसाचा आलेख सोमवारपेक्षा अगदी वेगळा दिसतो. सणांची गंमत आणखी वेगळी. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. मागच्या वर्षीची तीच तारीख उघडून अंदाज बांधणारा माणूस गणपतीच्या दिवशी साधा दिवस लावून बसतो. सणाचे दिवस तिथीने जुळवा, तारखेने नव्हे: चतुर्थीसमोर चतुर्थी, अनंत चतुर्दशीसमोर अनंत चतुर्दशी. आणि चतुर्दशी कोणत्या वारी येते ते शेजारी लिहा. ती २०२४ मध्ये मंगळवारी होती, २०२५ मध्ये शनिवारी. दोन्हीचा दुसरा दिवस सारखा नसतो.

तिसरी पायरी: एका कॉलला किती वेळ

एका कॉलचा सरासरी वेळ म्हणजे एएचटी. त्यात तीन तुकडे येतात: बोलणं, होल्ड आणि फोन ठेवल्यानंतरचं काम, म्हणजे तक्रार नोंदवणं, तंत्रज्ञाला काम पाठवणं. आपल्या हेल्पलाइनवर २२५ सेकंद बोलणं, २० सेकंद होल्ड आणि ५५ सेकंद नंतरचं काम धरू. एकूण ३०० सेकंद.

चूक बहुतेक वेळा तिसऱ्या तुकड्यात होते. एजंट नोंद पूर्ण करण्यासाठी फोनवर 'नॉट रेडी' दाबत असेल तर तो वेळ एएचटीत न येता ब्रेकसारखा दिसतो. एएचटी २४५ दिसतं आणि ब्रेक विनाकारण जास्त. नंतरचं काम शून्याच्या जवळ दिसलं की शंका घ्या आणि एका एजंटशेजारी अर्धा तास बसून घड्याळाने मोजा. दुसरी चूक सरासरीची सरासरी काढण्याची. पाच दिवसांच्या एएचटीची नुसती बेरीज करून पाचने भागू नका. सगळ्या कॉलचे एकूण सेकंद घ्या आणि एकूण कॉलने भागा.

चौथी पायरी: अर्लांग म्हणजे काय

आग्नर क्रारुप अर्लांग हे डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत होते. किती लाइनी आणि किती ऑपरेटर असले म्हणजे लोकांना फार थांबावं लागणार नाही, हा त्यांचा प्रश्न होता. १९०९ मध्ये त्यांनी दाखवलं की कॉल यदृच्छेने येतात आणि त्या यदृच्छेचंही गणित मांडता येतं. १९१७ मध्ये थांबण्याची सूत्रं आली. आज कॉल सेंटर ज्याला अर्लांग-सी म्हणतात ते त्यांतलंच.

अर्लांग हे कामाच्या भाराचं माप आहे. एक एजंट पूर्ण वेळ गुंतून राहील एवढं काम म्हणजे एक अर्लांग. आपल्याकडे ९० कॉल, प्रत्येकी ३०० सेकंद, म्हणजे २७,००० सेकंदांचं काम. अर्ध्या तासात सेकंद १८००. २७,००० भागिले १८०० बरोबर १५ अर्लांग.

इथे नवशिक्याची नेहमीची घसरण अशी की सवयीने ३६०० ने भागलं जातं. कॉल अर्ध्या तासाचे आणि सेकंद तासाचे, की भार थेट निम्मा, ७.५. उत्तर नेहमीपेक्षा निम्मं वाटलं तर आधी इथेच पाहा.

पाचवी पायरी: पंधरा अर्लांगला पंधरा माणसं का पुरत नाहीत

९० कॉल दर वीस सेकंदांनी एक असे शिस्तीत आले असते तर पंधरा पुरले असते. पण ते एका मिनिटात सहा येतात, पुढच्या मिनिटात एकच. रिकाम्या मिनिटात एजंटचा जो वेळ वाया गेला तो साठवून गर्दीच्या मिनिटाला वापरता येत नाही. म्हणून भाराइतकीच माणसं ठेवली तर मागे पडलेली रांग कधी भरून निघत नाही, ती वाढतच जाते. भारावर काही माणसं जास्त लागतात, आणि ती किती, एवढंच अर्लांग-सी सांगतं.

त्याआधी लक्ष्य ठरवा. आपण सगळ्यांत रुळलेलं घेऊ: ८० टक्के कॉल २० सेकंदांच्या आत उचलायचे. यालाच सर्व्हिस लेव्हल ८०/२० म्हणतात.

सूत्र पाठ करायची गरज नाही. एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये `B1` मध्ये कॉल, `B2` मध्ये एएचटी, `B3` मध्ये लक्ष्याचे सेकंद आणि `B4` मध्ये एजंटांची संख्या ठेवा. मग खाली क्रमाने ही सूत्रं लिहा:

```
B5: =B1*B2/1800
B6: =POISSON.DIST(B4,B5,FALSE)/(POISSON.DIST(B4,B5,FALSE)+(1-B5/B4)*POISSON.DIST(B4-1,B5,TRUE))
B7: =1-B6*EXP(-(B4-B5)*B3/B2)
B8: =B6*B2/(B4-B5)
B9: =B5/B4
```

`B5` म्हणजे भार. `B6` म्हणजे कॉल करणाऱ्याला थांबावं लागण्याची शक्यता. `B7` सर्व्हिस लेव्हल, `B8` सरासरी थांबण्याचे सेकंद आणि `B9` ऑक्युपन्सी, म्हणजे एजंट किती टक्के वेळ कामात गुंतलेला असेल. एजंटांची संख्या भारापेक्षा जास्त असेल तरच ही सूत्रं लागू होतात. `B4` हा `B5` एवढा किंवा कमी असेल तर शीट चूक दाखवेल किंवा निरर्थक आकडा देईल, त्यावर विसंबू नका.

आता `B4` मध्ये १६ पासून एक-एक वाढवत जा.

| एजंट | २० सेकंदांत उचललेले | सरासरी थांबणं | ऑक्युपन्सी |
|---|---|---|---|
| १६ | ३१.७% | २१९ से. | ९३.८% |
| १७ | ५४.५% | ७८ से. | ८८.२% |
| १८ | ७०.४% | ३६ से. | ८३.३% |
| १९ | ८१.३% | १८ से. | ७८.९% |
| २० | ८८.५% | १० से. | ७५.०% |

८० ओलांडणारा पहिला आकडा १९. म्हणजे सोमवारी १०:३० ते ११:०० मध्ये फोनवर १९ माणसं हवीत.

या तक्त्याकडे जरा थांबून पाहा, कारण यात पुढच्या बऱ्याच चर्चांचं उत्तर आहे. सोळावरून सतरावर गेलं की एका माणसाने सर्व्हिस लेव्हल जवळपास तेवीस टक्क्यांनी वाढते. एकोणीसवरून वीसवर गेलं की सातच. म्हणून 'एकच माणूस सुट्टीवर आहे, काय फरक पडतो' याचं उत्तर तुम्ही तक्त्यात कुठे उभे आहात त्यावर अवलंबून असतं. आणि ७८.९ टक्के ऑक्युपन्सी पाहून वरिष्ठ विचारतील की एकवीस टक्के वेळ माणसं रिकामी का? तो आळस नव्हे. वीस सेकंदांत फोन उचलण्याची ती किंमत आहे. हा वेळ कापून सतरावर आलात तर ऑक्युपन्सी ८८ दिसेल आणि कॉल करणारे सरासरी सव्वा मिनिट थांबतील.

दिवसाच्या सरासरीवर नियोजन केलं असतं तर काय झालं असतं तेही याच शीटमध्ये तपासा. १२०० कॉल २४ अर्ध्या तासांत समान वाटले तर ५० कॉल आणि ८.३३ अर्लांग. शीट १२ माणसं सांगते. पण साडेदहाला भार १५ चा आहे. बारा माणसं अर्ध्या तासात जास्तीत जास्त ७२ कॉल संपवतील, कॉल येतील ९०. उरलेले अकराच्या अर्ध्या तासाच्या डोक्यावर बसतात.

गट फोडलेत तर

बऱ्याच ठिकाणी भाषेप्रमाणे रांगा वेगळ्या करतात: मराठीला एक गट, हिंदीला दुसरा. समजा आपल्या ९० कॉलचे ४५-४५ असे दोन भाग पडले. प्रत्येक गटाला ७.५ अर्लांग. शीटमध्ये टाकून पाहा: १० माणसांवर ७४ टक्के, ११ वर ८६.१ टक्के. म्हणजे प्रत्येक गटाला ११, मिळून २२. काम तेच, तरी तीन माणसं जास्त. एका गटाकडे रांग असताना दुसऱ्या गटातला माणूस मोकळा बसतो, म्हणून असं होतं. पुण्यात दोन्ही भाषा सहज बोलणारे एजंट मिळतात. तेव्हा गट फोडण्याआधी हे तीन जण कुठून आणायचे याचा विचार करा. आणि माणसं दोन्ही रांगांचे फोन घेत असतील तर ९० कॉलची एकच रांग धरा. ४५-४५ अशी वेगवेगळी गणितं करून बेरीज करू नका.

सहावी पायरी: फोनवर १९, रोस्टरवर किती

१९ हा फोनवर बसलेल्यांचा आकडा आहे. रोस्टरवर त्याहून जास्त नावं लागतात, कारण कोणी रजेवर, कोणी अचानक गैरहजर, कोणी ट्रेनिंगला, कोणी चहाला. या सगळ्याला श्रिंकेज म्हणतात. आपल्या अर्ध्या तासासाठी असं धरू: रजा ९ टक्के, अचानक गैरहजेरी ७, ट्रेनिंग आणि बैठका ४, चहाचा ब्रेक ७, उशिरा लॉगिन वगैरे ३. एकूण ३०.

इथे गुणायचं नसतं, भागायचं असतं. १९ भागिले ०.७० बरोबर २७.१, म्हणजे २८. १९ गुणिले १.३० केलंत तर २५ येतात. त्यातले ३० टक्के गेले की फोनवर साडेसतरा उरतात आणि तुम्ही तक्त्यात सतरा-अठराच्या ओळीत जाऊन पडता. बाकी सगळं बिनचूक करून फक्त या एका गुणाकाराने सकाळ बिघडते. ऑक्युपन्सीतला रिकामा वेळ श्रिंकेजमध्ये मिळवू नका. तो १९ मध्ये आधीच धरलेला आहे.

श्रिंकेजही अर्ध्या तासाचं काढा, महिन्याचं एकच वापरू नका. चहाचा ब्रेक साडेदहाऐवजी हलक्या अर्ध्या तासात नेला तर ३० चे २३ टक्के होतात आणि १९ भागिले ०.७७ म्हणजे २५ नावं पुरतात. गर्दीच्या अर्ध्या तासात तीन माणसं वाचली, पगाराचा रुपयाही न वाढवता. अर्थात चहा टळत नाही, तो जिथे गेला तिथल्या अर्ध्या तासाचं श्रिंकेज तेवढंच वाढवायला विसरू नका.

सकाळच्या पहिल्या दोन अर्ध्या तासांत उशिरा लॉगिनचा भाग मोठा असतो आणि पावसाळ्यात तो आणखी वाढतो. नगर रस्त्यावर पाणी साचलं की कॅब एकत्रच अडकतात, म्हणजे एक-दोन नव्हे, एका गाडीतले सगळे एकदम उशिरा येतात. पालख्या पुण्यात येतात आणि मुक्कामानंतर निघतात त्या दिवशी रस्ते बंद असतात. अशा दिवसांसाठी कॉलच्या अंदाजासारखीच श्रिंकेजचीही वेगळी नोंद ठेवा.

अर्लांग-सी कुठे चुकतं

हे सूत्र धरून चालतं की कोणीही फोन ठेवत नाही, सगळे शेवटपर्यंत थांबतात. प्रत्यक्षात दोन मिनिटांनी बरेच जण ठेवतात. म्हणून माणसं भाराच्या अगदी जवळ असतात तेव्हा, आपल्या तक्त्यातल्या १६ च्या ओळीसारखी, सूत्र २१९ सेकंदांचं थांबणं सांगतं आणि रिपोर्टमध्ये त्याहून बरंच कमी दिसतं. त्याचा अर्थ माणसं पुरली असा नाही. थांबणारेच निघून गेले. सोडलेल्या कॉलचं प्रमाण शेजारी ठेवून पाहिलं की हे लगेच कळतं. ज्यांच्याकडे सोडणारे खूप आहेत त्यांनी अर्लांग-ए वापरावं. त्यात लोकांचा धीरही मोजलेला असतो. पण ८०/२० च्या आसपास फार थोडे कॉल सुटतात, आणि तिथे अर्लांग-सी चांगलं चालतं.

दुसरी मर्यादा अशी की प्रत्येक अर्धा तास स्वतंत्र आणि स्थिर धरला जातो. दहाच्या अर्ध्या तासात माणसं कमी पडून रांग उरली असेल तर साडेदहाला १९ जण असूनही ८१ टक्के दिसणार नाहीत. रिपोर्ट वाचताना आधीचा अर्धा तासही पाहा. त्याचप्रमाणे एखादी सूचना एसएमएसने हजारो ग्राहकांना एकदम गेली तर कॉल अर्ध्या तासाच्या पहिल्या सात मिनिटांत कोसळतात. तिथे अर्ध्या तासाचा आकडा बरोबर असूनही उत्तर चुकतं. उपाय शीटमध्ये नाही. असे संदेश टप्प्याटप्प्याने पाठवा म्हणून संबंधित विभागाला आधीच सांगून ठेवावं लागतं.

अंदाज किती अचूक हवा, हेही एकदा ठरवून टाका. अंदाज अगदी खरा असला तरी ९० सरासरीच्या अर्ध्या तासात योगायोगानेच ८० ते १०० कॉल येऊ शकतात. त्या चढउताराची तरतूद सूत्रात आहे. ९३ आले म्हणून अंदाज बदलू नका. पण सरासरीच खरोखर १०० झाली असेल तर १९ माणसांवर सर्व्हिस लेव्हल ५८.८ टक्क्यांवर येते. अकरा टक्के जास्त कॉल, आणि बावीस टक्क्यांहून मोठी घसरण. म्हणून एका सोमवारी नव्हे, सलग तीन-चार सोमवारी आकडा एकाच बाजूला चुकला की अंदाज हलवा.

सातवी पायरी: मंगळवारी सकाळी काय तपासायचं

सोमवार होऊन गेला. १०:३० च्या ओळीत ८१ टक्के सर्व्हिस लेव्हल अपेक्षित होती आणि रिपोर्टमध्ये ५५ दिसली. इथे 'कॉल जास्त आले' म्हणून मोकळं होऊ नका. शीटमध्ये खरे आकडे एकेक करून टाका.

समजा कॉल ९० च आले. म्हणजे अंदाज बरोबर होता. एएचटी मात्र ३२० निघालं आणि लॉगिनच्या नोंदीवरून फोनवर १९ ऐवजी १८ च होते. आता फक्त एएचटी बदला, माणसं १९ च ठेवा: ६९ टक्के. एएचटी परत ३०० करा आणि माणसं १८ करा: ७०.४ टक्के. दोन्ही एकदम बदला: ५३.१ टक्के. रिपोर्टमधल्या ५५ च्या हे अगदी जवळ आहे, तेव्हा कारण सापडलं. वीस सेकंद आणि एक माणूस, दोघांनी जवळपास सारखंच नुकसान केलं.

माणसाचं कारण ब्रेकच्या नोंदीत सापडेल, ते टीम लीडकडे जाईल. वीस सेकंदांसाठी एएचटीचे तीन तुकडे वेगवेगळे पाहा. बोलणं तेवढंच आणि नंतरचं काम ५५ वरून ७५ झालेलं दिसलं तर तक्रारीच्या फॉर्ममध्ये काय वाढलं ते विचारा. बॅटरीचा अनुक्रमांक हाताने टाकायचा नवा रकाना वीस सेकंद सहज खातो. तो रकाना राहणार असेल तर पुढच्या सोमवारच्या शीटमध्ये एएचटी ३२० लिहा. भार १६ अर्लांग होईल, २० माणसांवर ८०.१ टक्के मिळतील, आणि ३० टक्के श्रिंकेज धरून रोस्टरवर २९ नावं लागतील.